पहिली दोन पदं हेच निर्देशक: द्वितीय क्रमाच्या रेषीय रिकरन्सचा नैसर्गिक आधार

एक क्रमिका घेऊ. पहिलं पद 4, दुसरं 7, आणि पुढचं प्रत्येक पद म्हणजे लगतचं मागचं पद अधिक त्याच्याही मागच्या पदाची सहा पट:

```
a_(n+2) = a_(n+1) + 6·a_n

4, 7, 31, 73, 259, 697, 2251, ...
```

शंभरावं पद काढायचं असेल तर करायचं काय? शिकवलेली रीत बहुतेकांना पाठ असते. वर्गसमीकरण मांडायचं, मुळं काढायची, दोन स्थिरांक धरायचे, पहिल्या दोन पदांवरून ते सोडवायचे. उत्तर येतं. पण मुळं सारखी निघाली तर ‘दुसऱ्या मुळाला n ने गुणा’ अशी एक ओळ मध्येच येते आणि ती कुठून आली ते कुणी सांगत नाही. मी स्वतः ती ओळ कितीतरी दिवस मंत्रासारखी वापरली होती.

या लेखात मुळांना आपण मुद्दाम उशिरा हात लावणार आहोत. आधी या नियमाच्या सगळ्या उकली एकत्र ठेवून त्यांचा आकार पाहू. तो एकदा दिसला की n कुठून येतो तेही आपोआप कळतं.

## पायरी १: सगळ्या उकली एका पिशवीत

वरचा नियम पाळणारी क्रमिका एकच नसते. 4, 7 ऐवजी 1, 3 पासून सुरुवात केली तर 1, 3, 9, 27, 81 मिळते. 1, −2 पासून केली तर 1, −2, 4, −8, 16. सुरुवातीची दोन पदं बदलत जा, नवनवीन क्रमिका येत राहतील. या सगळ्यांच्या संचाला V म्हणू.

आता V मधल्या दोन क्रमिका घ्या आणि त्यांची पदवार बेरीज करा. वरच्या दोन घेतल्या तर 2, 1, 13, 19, 97 असं येतं. नियम पाळला जातो का? 1 + 6·2 = 13, 13 + 6·1 = 19, 19 + 6·13 = 97. पाळला जातो. यात योगायोग काही नाही. नियमात पदांचे वर्ग नाहीत, पदांचा एकमेकांशी गुणाकार नाही, सुटा स्थिरांक नाही. पदं फक्त ठरावीक पटीत घेऊन मिळवलेली आहेत. त्यामुळे दोन समीकरणांची डावी बाजू डाव्या बाजूत आणि उजवी उजवीत मिळवली की बेरजेच्या क्रमिकेसाठी तोच नियम तयार होतो. सगळ्या पदांना एकाच संख्येने गुणलं तरी तसंच. सगळी पदं शून्य असलेली क्रमिकाही नियमात बसते.

बेरीज केली तरी आत, पट घेतली तरी आत, आणि शून्यही आत: म्हणजे V हा सदिश अवकाश आहे. इथला ‘सदिश’ म्हणजे बाण नाही, एक अख्खी अनंत क्रमिका आहे. हे पचायला थोडा वेळ लागतो, कारण डोळ्यांसमोर अनंत पदं असतात आणि आपण म्हणणार आहोत की अवकाशाची मिती फक्त दोन आहे.

## पायरी २: मिती दोनच का

नियम असा आहे की कोणतीही दोन लगतची पदं कळली की पुढचं पद एकाच प्रकारे ठरतं. मग पहिली दोन पदं सारखी असलेल्या दोन क्रमिकांचं तिसरं पद सारखंच येणार, मग चौथं, आणि असंच शेवटपर्यंत. उलट बाजूने, पहिली दोन पदं म्हणून कोणत्याही दोन संख्या दिल्या तरी त्यांच्यापासून क्रमिका सुरू करता येते. कुठे अडत नाही.

थोडक्यात, V मधली प्रत्येक क्रमिका आणि (a_0, a_1) ही जोडी यांच्यात एकास एक संगती आहे. क्रमिकांची बेरीज केली तर जोड्यांची बेरीज होते, पट घेतली तर जोडीची पट होते. म्हणजे रचनेच्या दृष्टीने V आणि आलेखाच्या कागदाचं प्रतल यांत काही फरक नाही. प्रतलावरच्या बिंदूला x आणि y असे दोन निर्देशक असतात, तसे क्रमिकेला a_0 आणि a_1. अनंत पदांची ती लांबच लांब ओळ, पण तिचा पत्ता दोन आकड्यांचा.

इथे एक बारकावा आहे, तो आताच सांगतो. आपल्या क्रमिका शून्याव्या पदापासून सुरू होऊन पुढेच जातात. त्या मागेही न्यायच्या असतील, म्हणजे a_(−1), a_(−2) हवी असतील, तर नियमातल्या 6 ने भागावं लागतं. 6 च्या जागी शून्य असता तर मागे जाता आलं नसतं. मागे जायचं नसेल तर हा प्रश्न उद्भवत नाही, आणि मिती तेव्हाही दोनच राहते.

## पायरी ३: नैसर्गिक आधार मांडणं

प्रतलात सगळ्यात साधा आधार म्हणजे (1, 0) आणि (0, 1). त्याच पत्त्यांवर V मध्ये कोणत्या क्रमिका राहतात ते काढू. पहिलीला E आणि दुसरीला F म्हणतो.

```
n :  0   1   2   3    4    5    6    7
E :  1   0   6   6   42   78  330  798
F :  0   1   1   7   13   55  133  463
```

हे तक्ते स्वतःच्या हाताने एकदा लिहून काढा. दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढचं सगळं याच दोन ओळींवर चालतं.

आता 4, 7 पासून सुरू होणारी आपली क्रमिका म्हणजे E ची चार पट अधिक F ची सात पट. याला वेगळी सिद्धता लागत नाही. 4E + 7F ही क्रमिका V मध्ये आहे, तिची पहिली दोन पदं 4 आणि 7 आहेत, आणि तशी क्रमिका एकच असते. पडताळा हवा तर a_5 बघा: 4·78 + 7·55 = 312 + 385 = 697. वर आलं होतं तेच.

‘नैसर्गिक’ हा शब्द मी अशासाठी वापरतो की या आधारात निर्देशक काढायला काहीच करावं लागत नाही. समीकरण सोडवायचं नाही, मूळ काढायचं नाही. क्रमिकेची पहिली दोन पदं वाचायची, तेच निर्देशक:

```
a_n = a_0·E_n + a_1·F_n
```

तक्त्याकडे थोडं टक लावून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. E ची ओळ 6, 6, 42, 78, 330 अशी जाते, आणि F ची 1, 1, 7, 13, 55. एक घर सरकवलेली F, सहापट केली की E. कारणही सोपं आहे. E_1 आणि E_2 ही पदं 0 आणि 6 आहेत. तिथून पुढे ती सहापट F सारखीच चालणार, कारण F ची सुरुवात 0, 1 आहे. म्हणून n ≥ 1 असताना E_n = 6·F_(n−1). खरं तर एकटी F सांभाळली तरी पुरते.

हे कोणत्याही p, q साठी तसंच. नियम a_(n+2) = p·a_(n+1) + q·a_n असेल तर

```
F :  0, 1, p, p² + q, p³ + 2pq, ...
E_n = q·F_(n−1)                          (n ≥ 1)
a_n = a_1·F_n + q·a_0·F_(n−1)            (n ≥ 1)
```

शेवटची ओळ मी वहीत चौकटीत लिहून ठेवली आहे. या विषयातले निम्मे प्रश्न तिच्यातच सुटतात.

## पायरी ४: सरकवून बेरजेचं सूत्र काढणं

आधाराचा खरा उपयोग इथे कळतो. V मधली क्रमिका घ्या आणि तिची पहिली काही पदं खोडून टाका. उरलेली क्रमिका नियम पाळते का? अर्थातच पाळते, नियमाला आपण कितव्या घरापासून मोजायला लागलो याच्याशी देणंघेणं नाही. म्हणजे सरकवलेली क्रमिकाही V मध्येच राहते.

F ला m घरं सरकवा. नव्या क्रमिकेचं n वं पद F_(m+n). तिची पहिली दोन पदं F_m आणि F_(m+1), म्हणजे तेच तिचे निर्देशक. मग चौकटीतल्या ओळीत घालायचं:

```
F_(m+n) = F_(m+1)·F_n + q·F_m·F_(n−1)
```

झालं. पुस्तकांत हे सूत्र दुहेरी विगमनाने सिद्ध केलेलं सापडतं, त्याला अर्धं पान जातं. इथे आपण फक्त ‘पहिली दोन पदं कोणती?’ एवढंच विचारलं.

तपासून बघू. q = 6, m = 3, n = 4 घेतलं तर F_7 = F_4·F_4 + 6·F_3·F_3 = 169 + 294 = 463. तक्त्यातलं सातवं पद 463 च आहे.

यातून दूरच्या पदाकडे उड्या मारत जाता येतं. m = n = 5 ठेवलं तर F_10 = F_6·F_5 + 6·F_5·F_4 = 55·(133 + 78) = 55·211 = 11605. मधली F_8, F_9 काढावीच लागली नाहीत. असंच जोडीने F_n आणि F_(n+1) धरून n दुप्पट करत गेलं की शंभरावं पद सात-आठ टप्प्यांत हाती येतं, तेही पूर्णांकांतच. दशांश चिन्ह कुठे लागत नाही, ही माझ्या मते या रीतीची सगळ्यात मोठी सोय आहे.

## पायरी ५: दुसरा आधार, आणि तो कधी घ्यायचा

आता मुळांकडे येऊ. सरकवल्यावर V मधली क्रमिका V मध्येच राहते हे पाहिलं. मग असा प्रश्न सुचतो: सरकवल्यावर जी फक्त स्वतःची पट होते, अशी एखादी क्रमिका आहे का? म्हणजे प्रत्येक पद मागच्याची r पट. ती भूमिती श्रेढीच असणार: 1, r, r², … नियमात घातली तर r² = r + 6 हवं. मुळं 3 आणि −2.

म्हणजे 3ⁿ आणि (−2)ⁿ या दोन क्रमिका V मध्ये आहेत. त्या आधार होतात का? अवकाश दोन मितींचा आहे, त्यामुळे एक दुसरीची पट नसली की पुरे. आणि ते तपासायला पहिल्या दोन पदांचा निश्चयक बघायचा:

```
| 1    1 |
| 3   −2 |  =  −2 − 3  =  −5
```

शून्य नाही, म्हणून आधार होतो. इथे एक सवय सांगतो: निश्चयक नेहमी पहिल्या दोन पदांवरच काढावा. पुढच्या कोणत्याही लगतच्या दोन पदांवर काढला तर दर पावलाला तो −q पट होत जातो. इथे 3, 9 आणि −2, 4 घेतले तर 12 + 18 = 30 येतो, म्हणजे −5 ची −6 पट. q शून्य नसेल तर निकाल तोच राहतो. पण q = 0 असेल तर पुढच्या पदांवरचा निश्चयक क्रमिका स्वतंत्र असल्या तरी शून्य येतो, आणि माणूस उगाच ‘आधार नाही’ असं म्हणून बसतो.

या नव्या आधारात 4, 7 चे निर्देशक वाचून मिळत नाहीत, सोडवावे लागतात. A + B = 4 आणि 3A − 2B = 7. यावरून A = 3, B = 1. म्हणजे a_n = 3·3ⁿ + (−2)ⁿ. a_5 = 729 − 32 = 697. तिसऱ्यांदा तेच उत्तर.

F चे निर्देशक काढले तर 1/5 आणि −1/5 येतात:

```
F_n = (3ⁿ − (−2)ⁿ) / 5
```

छेदातला 5 कुठून आला ते आता लपून राहत नाही: तो मुळांमधला फरक आहे, 3 − (−2), आणि चिन्ह बाजूला ठेवलं तर तोच वरचा निश्चयक. एका आधाराकडून दुसऱ्याकडे जाताना त्याने भागावं लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या पायरीत सगळं तिच्यावरच उभं आहे.

कोणता आधार कधी? वाढीचा वेग हवा असेल, पद ‘साधारण केवढं’ हे सांगायचं असेल, तर मुळांचा आधार. वरच्या क्रमिकेत 3·3ⁿ हाच मोठा भाग आहे हे लगेच दिसतं. नेमकं पूर्णांकी उत्तर हवं असेल, सूत्रं सिद्ध करायची असतील, किंवा p आणि q बदलते ठेवायचे असतील, तर E आणि F.

## पायरी ६: मुळं सारखी निघाली तर

आता तो n. नियम बदलू: a_(n+2) = 6·a_(n+1) − 9·a_n. वर्गसमीकरण r² = 6r − 9, मूळ एकच, 3. भूमिती श्रेढी एकच मिळाली. मुळांचा आधार मोडला, कारण दोन क्रमिका एकमेकींवर येऊन बसल्या.

V ला मात्र काहीही झालेलं नाही. पहिली दोन पदं अजूनही मनाप्रमाणे निवडता येतात, मिती अजूनही दोन आहे, E आणि F जागच्या जागी आहेत:

```
n :  0   1    2    3     4     5
E :  1   0   −9  −54  −243  −972
F :  0   1    6   27   108   405
```

F कडे बघा. 1·1, 2·3, 3·9, 4·27, 5·81. म्हणजे F_n = n·3^(n−1). तो n कुणी आणून चिकटवला नाही. नैसर्गिक आधाराची दुसरी क्रमिकाच तशी निघाली.

‘का’ चं उत्तर मागच्या सूत्रात आहे. मुळं r आणि s वेगळी असताना F_n = (rⁿ − sⁿ)/(r − s). भागाकार प्रत्यक्ष केला तर ही n पदांची बेरीज होते:

```
F_n = r^(n−1) + r^(n−2)·s + ... + r·s^(n−2) + s^(n−1)
```

आता s हळूहळू r कडे न्या. प्रत्येक पद r^(n−1) होतं, आणि पदं n आहेत. एकूण n·r^(n−1). भागाकाराच्या रूपात शून्य भागिले शून्य दिसत होतं, बेरजेच्या रूपात कुठेच काही बिघडत नाही. p आणि q थोडेसे हलवले तर F ची पदंही थोडीशीच हलतात, कारण ती p आणि q च्या बेरजा-गुणाकारांनीच बनलेली आहेत.

मुळं अगदी सारखी नसून नुसती जवळ असली तरीही मुळांच्या आधाराची तब्येत बिघडते. मुळं 3 आणि 3.001 धरा, सुरुवात 1 आणि 4. नैसर्गिक निर्देशक 1 आणि 4 च. पण A + B = 1 आणि 3A + 3.001B = 4 सोडवलं तर B = 1000 आणि A = −999. साध्या क्रमिकेला हजाराच्या घरातले दोन विरुद्ध चिन्हांचे निर्देशक! पदं काढताना दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी होते आणि वरचे अंक एकमेकांना खाऊन टाकतात. हिशेबात A आणि B असे फुगलेले दिसले, की मुळं एकमेकांच्या फार जवळ आहेत असं समजावं आणि E, F वर परत यावं.

मुळं संमिश्र असतील तेव्हाही हेच. E आणि F वास्तव संख्यांच्याच राहतात. नियम पूर्णांकी असेल तर पूर्णांकीच.

## कुठे फसगत होते

कोणतीही दोन पदं चालत नाहीत. ‘मिती दोन आहे, म्हणजे कोणतीही दोन पदं दिली की क्रमिका ठरली’ हा निष्कर्ष फार मोहक आहे, आणि चूक आहे. लगतची पहिली दोन दिली तर ठरते. a_0 आणि a_5 दिली तर? आपल्या पहिल्या नियमात a_5 = 78·a_0 + 55·a_1. a_0 = 4, a_5 = 697 असेल तर 55·a_1 = 385, म्हणून a_1 = 7. सुटलं, कारण F_5 शून्य नव्हता.

आता a_(n+2) = a_(n+1) − a_n हा नियम घ्या. त्याची F अशी जाते: 0, 1, 1, 0, −1, −1, 0, 1, … दर सहा घरांनी पुन्हा तीच. F_3 = 0 आणि E_3 = −1, म्हणजे a_3 = −a_0, मग a_1 काहीही असो. इथे a_0 आणि a_3 दिली तर दोनपैकी एक गोष्ट होते: आकडे एकमेकांशी जुळत नसले तर उकलच नाही, जुळत असले तर अनंत उकली. तपासणी एका ओळीची आहे. a_0 आणि a_k दिली असतील तर F_k शून्य आहे का ते आधी बघा.

सुटा स्थिरांक आला की अवकाश जातो. नियम a_(n+2) = a_(n+1) + 6·a_n + 12 असा असेल तर दोन उकलींच्या बेरजेत 12 दोनदा येतो आणि नियम मोडतो. म्हणून E, F चं सूत्र थेट लावलं तर उत्तर चुकतं, आणि तिसऱ्या पदापासूनच चुकतं, त्यामुळे पकडणं सोपं असतं. उपाय असा: जी बदलतच नाही अशी एक उकल शोधा. c = c + 6c + 12 वरून c = −2. कोणत्याही उकलीतून ही वजा केली, म्हणजे प्रत्येक पदात 2 मिळवले, की उरलेली क्रमिका V मध्ये येते. सुरुवात 2, 5 असेल तर 2 मिळवून 4, 7 होते, आणि ती तर आपल्या ओळखीची आहे. तिच्यातून 2 वजा करत गेलं की 2, 5, 29, 71, 257. अशी स्थिर उकल प्रत्येक नियमाला असतेच असं नाही; p + q = 1 असेल तर c दोन्ही बाजूंनी उडून जातो आणि वेगळी उकल शोधावी लागते.

दशांशात घसरणारी क्रमिका. हा सापळा मला सगळ्यात आवडतो, कारण इथे गणित बरोबर असतं, बेरजा बरोबर असतात, आणि उत्तर पार चुकलेलं असतं. नियम a_(n+2) = a_(n+1) + a_n. हा फिबोनात्चीच्या नावाने ओळखला जातो, पण हेमचंद्रांनी तो साधारण ११५० च्या सुमारास मात्रावृत्तं मोजताना दिला होता. फिबोनात्चीचं पुस्तक १२०२ चं. इथे F म्हणजे ओळखीचीच 0, 1, 1, 2, 3, 5, 8, … आणि E_n = F_(n−1).

मुळं दोन: 1.618… आणि −0.618… दुसऱ्या मुळाची भूमिती श्रेढी घेऊ. तिचं प्रत्येक पद आकाराने मागच्याहून लहान होत शून्याकडे जातं. सुरुवात 1 आणि −0.6180339887, दहा दशांश स्थळांपर्यंत. आता नुसत्या बेरजा करत पुढे जा. विसाव्या पदापर्यंत सगळं ठीक वाटतं: 0.0000661 यायला हवं, 0.0000664 येतं. तिसाव्या पदाला 0.0000005 यायला हवं, येतं 0.000042. संख्या लहान होण्याऐवजी पुन्हा वाढायला लागलेली असते. पन्नासाव्या पदाला, जिथे दशांश चिन्हानंतर दहा शून्यं हवीत, तिथे 0.628 उभं असतं.

बेरजेत कुठेही चूक नाही. नैसर्गिक निर्देशकांत बघितलं की कारण उघडं पडतं. दुसरं पद खऱ्यापेक्षा सुमारे 0.0000000000499 ने वेगळं लिहिलं गेलं. हा फरक दुसऱ्या निर्देशकात आहे, म्हणजे क्रमिकेत तेवढ्या पटीने F मिसळली गेली. F_50 = 12586269025 आहे, आणि त्याला त्या सूक्ष्म फरकाने गुणलं की 0.628 च येतं. म्हणजे चूक n व्या पदाला किती होईल हे क्रमिका न चालवताही सांगता येतं: दुसऱ्या पदातली चूक गुणिले F_n, आणि पहिल्या पदात चूक असेल तर ती गुणिले E_n.

अशा घसरणाऱ्या क्रमिकेसाठी पुढे पुढे बेरजा करू नयेत; त्या मुळाचा घात थेट घ्यावा. किंवा नियम उलटा चालवावा, मोठ्या n कडून लहान n कडे, a_n = a_(n+2) − a_(n+1) असा. त्या दिशेने −0.618… चा भाग वाढतो आणि दुसरा मरतो, त्यामुळे सुरुवातीला घातलेली चूक वाटेतच विरते. साठाव्या घरात 0 आणि एकसष्टाव्यात 1 असं काहीही धरून उलटं चालत आलात, आणि शेवटी सगळ्यांना a_0 ने भागलंत, तर a_1 च्या जागी −0.6180339887… मिळतं, दहाच्याही पुढच्या दशांश स्थळांपर्यंत बरोबर.